लो-प्रोफाइल ग्राफिक्स कार्ड : लहान कार्यालयीन संगणकातील बसवणी

लो-प्रोफाइल ग्राफिक्स कार्ड : नेहमीच्या कार्डापेक्षा कमी उंचीचे आणि आखूड ब्रॅकेट, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बसणारी धातूची पट्टी, असलेले ग्राफिक्स कार्ड. बारीक कॅबिनेटच्या कार्यालयीन संगणकात ते मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसवतात. ठाण्यातील वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतील महापे, तुर्भे या भागांतील लहान कार्यालयांत मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले, ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकले जाणारे असे संगणक आढळतात. आराखड्यांचे काम किंवा जास्तीचे मॉनिटर यांसाठी त्यांत कार्ड घालण्याची गरज पडते.

आखूड कार्डाची उंची वेगवेगळ्या संदर्भांत वेगवेगळी दिलेली दिसते : कोठे 64.41 मिमी, तर कोठे 68.90 मिमी. पहिला आकडा जुन्या पीसीआय मानकातील लो-प्रोफाइल कार्डाचा आहे. हे मानक साधारणपणे 2000 च्या सुमारास रूढ झाले असावे. दुसरा आकडा त्यानंतरच्या पीसीआय एक्सप्रेस मानकातील आहे. पूर्ण उंचीच्या कार्डांतही जवळजवळ तेवढाच फरक दिसतो (106.68 आणि 111.15 मिमी), त्यामुळे ही छपाईची चूक नसून दोन मानकांमधील भेद मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आजच्या कार्डांसाठी 68.90 मिमी हाच आकडा धरावा. लांबीची मर्यादा सुमारे 168 मिमी असली, तरी दोन पंख्यांची काही कार्डे ती ओलांडतात. म्हणून स्लॉटच्या मागच्या टोकापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचे अंतर प्रत्यक्ष मोजावे लागते.

जाडीचा प्रश्न याहून अधिक वेळा आड येतो. एका स्लॉटची जागा घेणारे कार्ड आणि दोन स्लॉटची जागा घेणारे कार्ड यांची उंची सारखीच असते, त्यामुळे केवळ ‘लो-प्रोफाइल’ या शब्दावरून कार्ड मावेल की नाही हे कळत नाही. काही संगणकांत लांब स्लॉट वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, अगदी शेजारी असतो. तेथे जाड कार्ड शिरतच नाही, किंवा शिरले तरी त्याचा पंखा एसएमपीएसच्या पत्र्याला भिडून हवा कोंडते. शेजारचा दुसरा स्लॉट पुष्कळदा मागून उघडा असतो आणि त्यात लांब कार्ड बसू शकते, मात्र तेथे माहितीची ने-आण करणाऱ्या वाटा, म्हणजे लेन, सोळाऐवजी चारच मिळतात. जुने कार्ड विकत घेताना आखूड ब्रॅकेट सोबत आहे की नाही हे आधी पाहावे. कार्डावर लांब ब्रॅकेट लावलेले असेल आणि आखूड हरवले असेल, तर कार्ड स्लॉटमध्ये बसूनही कॅबिनेट बंद होत नाही.

स्लॉटमधून किती वीज घेता येते, याविषयी दोन मते प्रचलित आहेत. पीसीआय एक्सप्रेसच्या मानकात सोळा लेनच्या पूर्ण आकाराच्या ग्राफिक्स कार्डाला एकूण 75 वॅटपर्यंत मुभा आहे. त्यांपैकी 12 व्होल्टवर 5.5 अँपिअर, म्हणजे 66 वॅट, आणि उरलेली 3.3 व्होल्टवर मिळते. ही मुभा ‘पूर्ण आकाराच्या’ कार्डापुरती असल्याने आखूड कार्डाला 25 वॅटचीच मर्यादा लागू होते, असे एक मत आहे, आणि मानकाच्या शब्दांवरून ते निराधार म्हणता येत नाही. प्रत्यक्षात मात्र 50 ते 75 वॅटची आखूड कार्डे अनेक वर्षांपासून बाजारात आहेत आणि ती वेगळ्या जोडणीशिवाय चालतात. दोन्ही मते बाजूला ठेवून, संगणकाच्या सेवा-पुस्तिकेत त्या स्लॉटसाठी जो आकडा दिला असेल तो अंतिम मानणे प्रस्तुत नोंदीत अधिक ग्राह्य धरले आहे. कारण काही लहान संगणकांत उत्पादकाने तो 75 पेक्षा पुष्कळ कमी ठेवलेला असतो.

एसएमपीएसची क्षमता त्याच्या लेबलवर छापलेली असते. लहान कॅबिनेटमध्ये ती बहुधा 180 ते 255 वॅट असते. लेबलवर 12 व्होल्टच्या दोन वेगळ्या ओळी आणि त्यांचे अँपिअर दिलेले असले, तर त्यांची बेरीज करू नये, कारण दोन्ही मिळून एकूण वॅटची मर्यादा ओलांडता येत नाही. उदाहरणार्थ, वागळे इस्टेटमधील एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात सहाव्या पिढीच्या आय-5 प्रोसेसरचा आणि 180 वॅट एसएमपीएसचा संगणक आहे असे समजू. प्रोसेसरचे 65, मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, पंखे व यूएसबी उपकरणे मिळून 30 आणि जुन्या हार्ड डिस्कचे 10 धरले, तर कार्डाशिवाय 105 वॅट होतात. यात 75 वॅटचे कार्ड घातल्यास बेरीज नेमकी 180 वर जाते आणि काहीच शिल्लक राहत नाही. प्रोसेसर थोडा वेळ 65 च्या वर जातो आणि हार्ड डिस्क सुरू होताना नेहमीपेक्षा दुपटीहून अधिक वीज ओढते, हे लक्षात घेता असे कार्ड येथे घेऊ नये. एनव्हिडियाचे टी1000 हे 50 वॅटचे, एका स्लॉटचे आणि सुमारे 156 मिमी लांबीचे कार्ड घेतल्यास बेरीज 155 होते, आणि हार्ड डिस्क काढून टाकली तर 145. स्लॉटची मर्यादा 50 हून कमी असेल, तर 30 वॅटच्या टी400 वर थांबावे. या दोन्ही कार्डांना मिनी डिस्प्लेपोर्ट असल्याने मॉनिटरसाठी वेगळे अडॅप्टर लागतात. भिंतीच्या सॉकेटवर लावलेल्या वॅटमीटरने पडताळा घेता येतो, पण त्यावरील आकड्यात एसएमपीएसमधील नासाडीही येते : मीटर 170 दाखवत असेल आणि कार्यक्षमता 85 टक्के असेल, तर आतील भार सुमारे 145 वॅट असतो.

मोठा एसएमपीएस बदलून बसवणे या संगणकांत बहुधा शक्य होत नाही, कारण त्याचा आकार आणि मदरबोर्डला जाणारा प्लग त्या त्या कंपनीचा स्वतःचा असतो. नेहमीचा 24 पिनांचा प्लग तेथे चालत नाही. ग्राफिक्स कार्डासाठीची सहा पिनांची (75 वॅट) किंवा आठ पिनांची (150 वॅट) वायरही त्यात नसते. साटा प्लगवरून सहा पिना काढून देणारे अडॅप्टर दुकानांत मिळते, पण ते वापरू नये. साटा प्लगमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता 1.5 अँपिअर, म्हणजे एकूण 54 वॅट असते. कार्डाने 75 वॅट ओढल्यास पिना तापून प्लग वितळू शकतो. ज्या कार्डाला वेगळी वायर लागते, ते अशा संगणकासाठी विचारातच घेऊ नये.

बसवताना वीज बंद करून वायर काढावी, पॉवरचे बटण काही क्षण दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग कार्ड घ्यावे. स्लॉटच्या टोकाची खिट्टी लागेपर्यंत ते सरळ दाबावे. मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टमध्येच राहून गेली, तर पडदा काळा राहतो आणि कार्ड बिघडल्याचा समज होतो. वायर बदलूनही चित्र आले नाही, तर बायोसमध्ये ग्राफिक्सची निवड तपासावी. एनव्हिडियाच्या कार्डावर जोडलेल्या लेनची संख्या, तापमान आणि कार्ड ओढत असलेली वीज पुढील आज्ञेने पाहता येते. काही लहान कार्डे विजेचा आकडा देत नाहीत.

```
nvidia-smi --query-gpu=pcie.link.width.current,temperature.gpu,power.draw --format=csv
```

मोठा आराखडा फिरवताना संगणक निळा पडदा न दाखवता एकाएकी बंद पडून पुन्हा सुरू होत असेल आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये Kernel-Power 41 अशी नोंद दिसत असेल, तर प्रथम एसएमपीएसवर संशय घ्यावा. मात्र वीजपुरवठा क्षणभर गेला तरी हीच नोंद होते, म्हणून संगणक यूपीएसवर असताना तोच प्रकार घडतो का हे पाहावे. याउलट संगणक चालू राहून काम अर्ध्या तासाने मंदावत असेल आणि तापमान 80 अंशांच्या वर जात असेल, तर दोष बहुधा हवेच्या वाटेत असतो : कार्डाशेजारची वायर, धुळीने बुजलेली पुढची जाळी किंवा भिंतीला टेकवून ठेवलेले कॅबिनेट.