रेघेवर म्हणजे बाहेरच: धावबाद आणि यष्टिचीतची पार्श्वभूमी

नागपुरात रविवारी सकाळी कोणत्याही मैदानावर थोडा वेळ उभं राहा, हा वाद कानावर पडतोच. "काहून बे, लाईनवर होती ना माह्यी बॅट!" आणि समोरून तितक्याच जोरात, "लाईनवर म्हणजे आउटच ना भाऊ!" बोलणारी पोरं बारा-तेरा वर्षांची असतात. रेघ असते बॅटच्या कोपऱ्याने काळ्या मातीत ओढलेली, बोटभर रुंद. त्या बोटभर रुंदीचाच सगळा तंटा आहे, आणि तो जवळजवळ तीनशे वर्षं जुना आहे.

दुसरा पोरगा बरोबर असतो. रेघ फलंदाजाची नसते. स्टंपच्या रेषेपासून चार फुटांवर, म्हणजे 1.22 मीटरवर जी पॉपिंग क्रीज आखतात, तिची खरी हद्द म्हणजे पांढऱ्या पट्ट्याची स्टंपकडची कड. बॅटचा किंवा शरीराचा काही भाग त्या कडेच्या आत जमिनीला टेकलेला हवा. हवेत असलेली बॅट आत कितीही गेली तरी उपयोग नाही, आणि हातातून सुटून आत पडलेल्या बॅटचाही नाही.

या रेघेच्या आधी तिथे खड्डा होता. फार जुन्या काळी इंग्लंडमध्ये दोनच स्टंप असत आणि त्यांच्यामध्ये जमिनीत एक भोक. धाव पूर्ण करायची तर फलंदाजाने बॅट त्या भोकात घालायची, आणि त्याला बाद करायचं तर क्षेत्ररक्षकाने त्याच्या आधी चेंडू तिथे ठेवायचा. एकाच भोकात एकाच क्षणी बॅट आणि हात! बोटं मोडायची. म्हणून भोक गेलं आणि फलंदाजासाठी वेगळी रेघ आली, असं सांगतात. पॉपिंग हे नावही बॅट भोकात खुपसण्यावरूनच आलं, अशी या नावाची हकिकत आहे. 1744 च्या नियमांत ही रेघ स्टंपपासून तीन फूट दहा इंचांवर होती. ती पुढे चार फुटांवर गेली. चुना नंतर आला. त्याआधी कित्येक वर्षं ही रेघ हिरवळीत कापूनच काढत, आपल्या मैदानावरच्या मुलांसारखी.

माझ्या मते भोकाकडून रेघेकडे येणं हा या खेळातला सर्वांत मोठा बदल आहे. आधी दोघं एकाच जागेसाठी झटत होते. आता फलंदाजाने रेघ गाठायची आणि क्षेत्ररक्षकाने स्टंपवर ठेवलेल्या लाकडी बेल्स पाडायच्या, अशा दोन वेगळ्या जागी दोन वेगळ्या शर्यती लागल्या, आणि कोण आधी पोचलं हे पंचाने ठरवायचं. म्हणून बेल्सना एवढं महत्त्व. बेल नुसती हलली, उडून परत खाचेत बसली, तर विकेट मोडली असं होत नाही. ती स्टंपच्या माथ्यावरून पूर्ण सुटली पाहिजे. दोन्ही बेल्स आधीच पडलेल्या असतील तर चेंडू हातात धरून स्टंप जमिनीतून उपटावा लागतो. चेंडू दुसऱ्या हातात आणि स्टंप रिकाम्या हाताने पाडला, ही चूक शालेय सामन्यांत वरचेवर होते आणि फलंदाज वाचतो. आता दिव्यांच्या बेल्स आल्याने पडद्यावर तो क्षण लाल झळकतो. पंच ती पहिली लाल फ्रेम थांबवतो आणि बॅट कुठे आहे ते बघतो.

ही पडद्यावरची मदत पहिल्यांदा आपल्याच फलंदाजाविरुद्ध गेली. नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बनच्या कसोटीत जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर सचिन तेंडुलकर 11 वर धावबाद ठरला. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला तो पहिला फलंदाज.

धावबाद आणि यष्टिचीत यांत फरक काय, हे समजायला एक सामना पुरे आहे. 7 नोव्हेंबर 2019, राजकोट, भारत विरुद्ध बांगलादेश. युझवेंद्र चहलला पुढे येऊन मारायला लिटन दास क्रीज सोडून गेला आणि चुकला. ऋषभ पंतने बेल्स उडवल्या. धाव घेण्याचा प्रयत्न नाही, दुसऱ्या कुणाचा हात नाही, एकट्या यष्टिरक्षकाने बाद केलं, म्हणजे सरळ यष्टिचीत. दास परतायला निघाला होता. पण तिसऱ्या पंचाने जवळून पाहिलं तेव्हा पंतच्या ग्लोव्हजचा काही भाग चेंडू पकडताना स्टंपच्या पुढे आलेला होता. चेंडू बॅटला किंवा अंगाला लागेपर्यंत, नाहीतर स्टंप ओलांडेपर्यंत यष्टिरक्षक पूर्ण स्टंपच्या मागे हवा. तसा नसेल तर नो-बॉल, आणि नो-बॉलवर कुणी यष्टिचीत होत नाही. दास वाचला. मग थोड्याच वेळात तोच दास धाव घ्यायला निघाला आणि त्याच पंतने त्याला धावबाद केलं, 29 वर. बाद करणारा तोच आणि होणाराही तोच. यष्टिचीत टिकलं असतं तर बळी चहलच्या नावावर लागला असता. धावबाद गोलंदाजाच्या खात्यात जात नाही. मालिकेचा निर्णय तीन दिवसांनी आपल्या नागपूरच्या जामठा मैदानावर लागला, दीपक चहरने 7 धावांत 6 बळी घेतले तो सामना.

त्याच जामठ्यावर 2025 च्या रणजी अंतिम सामन्यात करुण नायर 86 वर धावबाद झाला आणि दानिश मालेवारबरोबरची 215 धावांची भागीदारी तुटली. इतक्या जमलेल्या जोडीला बाद करायला कधी कधी चांगला चेंडू लागतच नाही, एक चुकलेला होकार पुरतो.

नियमाची अलीकडची दुरुस्ती मला विशेष पटते. जानेवारी 2017 मध्ये क्राइस्टचर्चला नील वॅगनर बांगलादेशविरुद्ध धावत आला. बॅट रेघेच्या आत टेकली, मग वेगाने उसळून वर आली, दोन्ही पाय त्या क्षणी हवेत, आणि नेमक्या त्याच क्षणी बेल्स पडल्या. तेव्हाच्या नियमाने तो बाद. घरात येऊन गेलेला माणूस घराबाहेर ठरला. 1 ऑक्टोबर 2017 पासूनच्या नियमांत हे बदललं: फलंदाज धावत किंवा सूर मारत आत येत असेल आणि एकदा आत टेकला असेल, तर पुढे जाण्याच्या त्याच ओघात बॅट वा पाय उचलला गेला तरी तो आतच धरायचा.

पण ही सवलत आत धावत येणाऱ्यालाच आहे. जागेवर खेळताना तोल जाऊन मागचा पाय रेघेच्या आत टेकलेला, आणि तो निमिषभर उचलला, तर यष्टिरक्षक बेल्स पाडून यष्टिचीत मागू शकतो. म्हणून हुशार यष्टिरक्षक चेंडू घेतल्यावर लगेच बेल्स उडवत नाही. ग्लोव्हज स्टंपजवळ धरून तो त्या पायाच्या टाचेकडे बघत थांबतो.