रेषा बसली, पण उरलेल्या फरकांचं काय?

माहितीवर सरळ रेषा बसवली आणि आर-स्क्वेअर, म्हणजे माहितीतल्या चढउताराचा किती वाटा रेषा समजावते याचा आकडा, चांगला आला की रेषा बरोबर, असा समज फार पसरलेला आहे. तो किती फसवा आहे, हे R या सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या `cars` या छोट्याशा माहितीसंचात स्पष्ट दिसतं. त्यात 1920च्या दशकातल्या मोटारींच्या 50 नोंदी आहेत: ताशी मैलांमध्ये वेग आणि गाडी थांबेपर्यंत कापलेलं अंतर फुटांमध्ये.

सरळ रेषा बसवली की आर-स्क्वेअर 0.65 येतो. वेग एका मैलाने वाढला की अंतर सुमारे 3.9 फुटांनी वाढतं, असं रेषा सांगते. पण ताशी 4 मैल वेगाची गाडी किती अंतरात थांबेल? उत्तर येतं उणे 1.8 फूट!

आता प्रत्येक नोंदीचं खरं अंतर वजा रेषेने सांगितलेलं अंतर काढू. हा उरलेला फरक म्हणजे रेसिड्युअल. त्यांची सरासरी शून्य येते म्हणून हायसं वाटून घेऊ नका, फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणारी रेषा निवडणाऱ्या लीस्ट स्क्वेअर्स पद्धतीत ती शून्य येणारच. या फरकांमध्ये वेगानुसार सरळ चढ किंवा उतारही शिल्लक राहू शकत नाही. राहिला असता, तर रेषा थोडी कलती करून वर्गांची बेरीज आणखी कमी करता आली असती, आणि ती आधीच सर्वांत कमी आहे. म्हणजे सरळ कल जेवढा होता तेवढा रेषेने उचलला. चूक लपायला आता वाक आणि पसारा या मुख्य जागा उरतात, आणि त्या चित्रातच दिसतात.

```r
fit <- lm(dist ~ speed, data = cars)
plot(fitted(fit), resid(fit))
abline(h = 0)
```

ताशी 4 मैलांचे दोन्ही ठिपके शून्याच्या वर आहेत. 12 मैलांचे चारही खाली, 20 मैलांच्या पाचपैकी चार खाली. 24 मैलांच्या चारपैकी तीन पुन्हा वर. हा वाटीसारखा वाक आहे आणि त्याला कारणही आहे: ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

पसाराही पाहा. 10 मैलांपर्यंत फरक साधारण उणे 8 ते अधिक 12 फुटांत राहतो. 18 मैलांपासून पुढे तो उणे 29 ते अधिक 43 फुटांपर्यंत जातो. रेषा मात्र सगळीकडे 15.4 फूट ही एकच प्रमाण त्रुटी, म्हणजे फरकांचा सर्वसाधारण पसारा, गृहीत धरते. हळू गाडीसाठी ती जास्त आहे आणि वेगवान गाडीसाठी धोकादायकपणे कमी. एका क्लिकवर ट्रेंडलाइन काढून भविष्य वर्तवणारे आलेख हा भाग दाखवतच नाहीत.

वाकामुळे रेषाच चुकते. पसारा असमान असेल, तर उताराचा अंदाज एका बाजूला झुकत नाही, पण त्याच्या अचूकतेबद्दलचे आकडे विश्वासार्ह राहत नाहीत.

अंतराऐवजी त्याचं वर्गमूळ घेऊन रेषा बसवली, की वाक आणि पसारा दोन्ही बरेच आवरतात. ताशी 4 मैलांचं उत्तर सुमारे 6.6 फूट येतं. मात्र त्या वेगाच्या नोंदी दोनच आहेत, 2 आणि 10 फूट, त्यामुळे त्या टोकाला हा आकडाही सैलच धरावा.