शुगरच्या वहीपासून अ‍ॅपपर्यंत: नोंद कुणी करायची?

रक्तातली साखर घरी मोजता येऊ लागली तेव्हा अडचण नोंद ठेवण्याची नव्हती, आकडा वाचण्याची होती. 1960च्या दशकाच्या मध्यात ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ नावाची पट्टी आली. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब टाकायचा, एक मिनिट थांबायचं, पाण्याने धुवायचं आणि उमटलेला रंग तक्त्याशी जुळवून अंदाज बांधायचा. मधुमेहाने ज्यांची नजर अधू झाली आहे, त्यांनाच निळ्या रंगाच्या छटा ओळखायला लावण्यासारखं हे होतं. 1970च्या सुमारास त्या पट्टीचा रंग मोजणारं यंत्र आलं. ते किलोपेक्षा जड होतं, विजेवर चालायचं आणि डॉक्टरांच्या दवाखान्यासाठीच बनवलेलं होतं. त्या दशकाच्या शेवटी शेवटी रुग्णांनी स्वतः घरी तपासावं, हा विचार वैद्यकात रुजू लागला.

मग आकडा स्पष्ट दिसायला लागला आणि तो वहीत लिहिण्याचं काम रुग्णाकडे आलं. तारीख, वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर, काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, असे रकाने असायचे. डॉक्टर ती वही बघून औषध कमीजास्त करत.

त्या वहीवर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न 1984मध्ये उघड्यावर आला. अमेरिकेत संशोधक रॉजर मॅझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना नेहमीसारखे दिसणारे मीटर दिले. आत मात्र प्रत्येक रीडिंग साठवणारी चिप होती आणि रुग्णांना ते माहीत नव्हतं. नंतर वह्या आणि मीटर समोरासमोर ठेवले, तेव्हा वहीत मीटरने कधी मोजलेच नव्हते असे आकडे निघाले. मोजलेले काही आकडे वहीत नव्हते, काही कमी करून लिहिले होते. मला यात लबाडी फारशी दिसत नाही. तपासणीच्या आदल्या रात्री रिकामे रकाने भरणारा माणूस बहुधा डॉक्टरांची बोलणी टाळत असतो.

पुढे मीटरमध्ये स्मृती उघडपणे येऊ लागली. 2008मध्ये फोनसाठी अ‍ॅपची दुकानं उघडली आणि शुगर नोंदवायची अ‍ॅपही लगेच आली. पण सुरुवातीची अ‍ॅप म्हणजे वहीच होती, फक्त काचेवरची. मीटरचा आकडा बघून पुन्हा टाइप करायचा. थरथरत्या बोटांनी 128चे 182 व्हायला वेळ लागत नाही. खरा फरक 2012नंतर पडला. त्या वर्षी ब्लूटूथसाठी ग्लुकोज मीटरचं सामाईक मानक ठरलं. त्यात मीटर प्रत्येक रीडिंगला अनुक्रमांक आणि वेळ जोडून फोनकडे पाठवतो. त्यामुळे आकडा दोनदा येत नाही, मधला गळला तर कळतं आणि वृद्ध माणसाला काहीच टाइप करावं लागत नाही.

त्याच मानकात जेवणाची खूण पाठवायचीही सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. मीटरने खूण पाठवली नाही, तर अनेक अ‍ॅप घड्याळावरून अंदाज बांधतात: सकाळी सात म्हणजे नाश्त्याआधी, रात्री साडेनऊ म्हणजे झोपण्यापूर्वी. घोटाळा इथे होतो.

समजा, आजोबांनी मीटरचा सेल बदलला आणि वेळ लावताना सकाळऐवजी संध्याकाळ लागली. सकाळी सातला उपाशीपोटी 168 आली, ती अ‍ॅपमध्ये संध्याकाळी सातच्या, जेवणाआधीच्या रकान्यात गेली. नाश्त्यानंतर दोन तासांनी, साडेनऊला, 214 आली, ती झोपण्यापूर्वीची ठरली. पंधरा दिवसांचा तक्ता बघणाऱ्याला वाटणार की संध्याकाळ बिघडली आहे. तो रात्रीच्या जेवणाबद्दल विचारत बसेल, आणि उपाशीपोटी वाढणारी साखर तशीच राहील. आकडे मात्र सगळे खरे.

हे ओळखायची खूण सोपी आहे. तपासल्या तपासल्या अ‍ॅप उघडायचं. सगळ्यात वरच्या नोंदीत आत्ताचीच वेळ दिसली पाहिजे. रोज सकाळी तपासणाऱ्याचा सकाळचा रकाना रिकामा असेल, तरी तीच शंका घ्यावी. काही अ‍ॅप मीटर जोडताना त्याचं घड्याळ फोनशी जुळवून घेतात. वयस्क माणसासाठी अ‍ॅप निवडताना ही सोय आधी बघावी. एकाच मीटरवर नवराबायको दोघंही तपासत असतील, तर मात्र घड्याळ बरोबर असूनही उपयोग नाही. मीटरला बोट कुणाचं ते कळत नाही, दोघांचे आकडे एकाच नावावर जमतात.

जेवणाची नोंद अजून माणसाकडेच आहे. इन्सुलिनचा डोस प्रत्येक जेवणाच्या कर्बोदकांवरून ठरवणाऱ्याला ग्रॅम लिहिणं भाग आहे. ठरावीक गोळ्यांवर असलेल्या आजींना सहसा त्याची गरज नसते. ताटाचा एक फोटो आणि ‘जेवणाआधी’ किंवा ‘जेवणानंतर’ एवढी खूण बहुतेक वेळा पुरते. खाद्यपदार्थांच्या लांबलचक यादीत शोधायला लावणारं अ‍ॅप आजी आठवडाभरात सोडून देतील, असा माझा कयास आहे. रीडिंग येताच पडद्यावर दोन मोठी बटणं यावीत, आणि तिसरं ‘आठवत नाही’चं. ते तिसरं बटण नसलं आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नसलं, तर माणूस हाताला लागेल ते दाबतो, आणि 1984च्या वह्यांमधल्यासारखी नोंद पुन्हा तयार होते.