साध्या कीबोर्डवर स्टेनो, हे आलं कुठून?

स्टेनो म्हटलं की बहुतेकांना वहीतल्या शॉर्टहँडच्या रेघोट्या आठवतात. हल्ली काही लोक साध्या कीबोर्डवर बोलण्याच्या स्पीडने टाइप करायला शिकतायत ते वेगळं, ते आलंय अमेरिकेतल्या कोर्टाच्या मशीनवरून. 1910 च्या दशकात वॉर्ड स्टोन आयरलंड नावाच्या, कोर्टातलं बोलणं शब्दशः टिपणाऱ्या कोर्ट रिपोर्टरने स्टेनोटाइप आणलं, त्यात बटणं मोजकी, पण पेटीवर सूर धरावेत तशी अनेक बटणं एकदम दाबायची आणि एका दाबात अख्खा उच्चार उमटायचा. डाव्या हाताला सुरुवातीची व्यंजनं, अंगठ्यांना स्वर, उजव्या हाताला शेवटची व्यंजनं. ही मांडणी आजही जवळपास तशीच आहे.

बटणं कमी म्हणून बरेचसे आवाज जोडून करावे लागतात. डावीकडे D नाही, T आणि K एकत्र दाबले की D. H आणि R मिळून L, उजवीकडे P आणि B मिळून N. म्हणून dog होतो `TKOG` आणि plan होतो `PHRAPB`. वाचायला भयाण दिसतं, पण ते वाचायचं नसतंच, बोटांनी लक्षात ठेवायचं असतं.

आधी हे सगळं कागदाच्या अरुंद पट्टीवर छापलं जायचं आणि नंतर कोणीतरी बसून साध्या भाषेत उतरवायचं. पुढे ते काम कॉम्प्युटर करू लागला, पण सॉफ्टवेअर हजारो डॉलरचं, मशीनचा खर्च आणखी वेगळा, त्यामुळे ज्याचं पोट त्यावर आहे तोच शिकणार. 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या मिराबाई नाइट, म्हणजे चालू बोलणं लगेच स्क्रीनवर उतरवणाऱ्या कॅप्शनर, आणि प्रोग्रॅमर जोशुआ लिफ्टन यांनी प्लव्हर हे स्टेनोचं सॉफ्टवेअर सुरू केलं, फुकट आणि ओपन सोर्स. माझ्या मते खरी देणगी सॉफ्टवेअरपेक्षा डिक्शनरीची, म्हणजे कुठल्या दाबाला कुठला शब्द याच्या यादीची, कारण नाइट यांनी स्वतःच्या कामात वर्षानुवर्षं वाढवलेली डिक्शनरी त्यात देऊन टाकली. आणि प्लव्हर साध्या कीबोर्डलाच स्टेनो मशीन समजतं, त्याच्या की स्टेनोच्या बटणांच्या जागी धरतं.

इथे मात्र कीबोर्ड आडवा येतो. plan साठी E, R, F, C, I, K अशा सहा की एकदम दाबाव्या लागतात, आणि स्वस्त कीबोर्डच्या आतल्या तारा आडव्या-उभ्या जाळीत असतात, काही की एकत्र दाबल्या की नेमकी कुठली दाबली ते त्याला कळत नाही, मग तो एखादी गिळून टाकतो. तपासायला प्लव्हरची `Paper Tape` खिडकी उघडायची आणि हाच शब्द सावकाश दाबायचा. दर वेळी तीच एक की गायब असेल तर दोष कीबोर्डचा, कधी ही तर कधी ती गायब असेल तर बोटांचा. कीबोर्ड तसा निघाला तर `Arpeggiate` ऑप्शन आहे, एकेक की दाबून शेवटी स्पेस मारायची. मांडणी पाठ करायला बरंय पण स्पीड येणार नाही, त्याला एन-की रोलओव्हरवाला, म्हणजे कितीही की एकदम दाबल्या तरी सगळ्या ओळखणारा गेमिंग कीबोर्डच लागतो. तोही हलक्या स्विचचा बघा, कारण dog मधला D एकाच बोटाने W आणि S च्या मधल्या फटीवर दाबायचा असतो, आणि कडक की असल्या तर अर्ध्या तासात बोट दुखायला लागतं.

आता सराव. सगळ्यात जास्त नडतं ते दाबणं नाही, सोडणं. सगळी बोटं उचलली की मगच प्लव्हर तो दाब पुरा धरतं. `KAT` म्हणजे cat, आणि त्याचं एक बोट अजून खालीच असताना पुढच्या dog ची बोटं पडली की दोन्ही मिसळून `TKAOGT` तयार होतं, डिक्शनरीत असलं काही नसलं की स्क्रीनवर तेच कच्चं अक्षरांचं कडबोळं येतं. असं कडबोळं दिसलं की स्पीड कमी करून तेवढ्याच दोन शब्दांची जोडी घोटायची, आधीचे पूर्ण उचलून मग पुढचे. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोजचे वीस-तीस मिनिटं खूप जास्त कामाची, कारण बोटं दोन दिवसांत विसरतात.

पहिले काही महिने तुम्ही तुमच्या नेहमीच्या टायपिंगपेक्षा हळूच असणार, त्यामुळे ऑफिसचं काम जुन्या पद्धतीनेच करा. अमेरिकेतल्या कोर्ट रिपोर्टरच्या प्रोफेशनल परीक्षेत साक्षीच्या भागाला मिनिटाला 225 शब्द आणि 95 टक्के अचूकता लागते, तिथवर जायला पूर्ण वेळ शिकणाऱ्यांनाही वर्षं जातात. साध्या बोलण्याला त्याहून कमी पुरतं. स्पीड वाढवायला जमतं त्याहून जरा वेगाचं डिक्टेशन एक-दोन मिनिटं घ्यायचं, चुका होऊ द्यायच्या, मग खाली येऊन तोच मजकूर स्वच्छ घ्यायचा. वेगाच्या त्या मिनिटात `*` ला हात लावायचा नाही. `*` ने शेवटचा दाब पुसला जातो, आणि प्रत्येक चुकीला पुसत बसलात तर बोलणारा तोवर तीन शब्द पुढे गेलेला असतो.