ग्राफिक्स कार्डाशिवाय गेमिंग: एपीयू इथवर कसा आला

२००६ मध्ये एएमडीने एटीआय ही ग्राफिक्स चिप बनवणारी कॅनडाची कंपनी सुमारे ५.४ अब्ज डॉलरना विकत घेतली. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर आणायचे, हा त्यामागचा मोठा हेतू. अशा एकत्र चिपलाच एएमडी एपीयू म्हणते. डेस्कटॉपवर तो ‘लानो’च्या रूपाने उतरायला २०११ उजाडले. ग्राफिक्स त्या काळच्या मानाने चांगले होते, पण प्रोसेसरचे कोअर मागच्या पिढीतले. पुढे बुलडोझर घराण्याचे कोअर आले, तरी ती बाजू लंगडीच राहिली.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच होती. ग्राफिक्स कार्डावर स्वतःची वेगवान मेमरी असते. एपीयूला मात्र मदरबोर्डवरची साधी रॅम प्रोसेसरसोबत वाटून घ्यावी लागते. २०१४ च्या ‘कावेरी’ एपीयूत ५१२ शेडर, म्हणजे ग्राफिक्सचे छोटे कोअर, होते, पण डीडीआर३-१८६६ च्या दोन स्टिक मिळून सेकंदाला जेमतेम ३० जीबी डेटा पुरवत. चार जणांना पुरेल एवढ्या नळावर अख्खी चाळ पाणी भरते, तशी गत.

चित्र पालटले फेब्रुवारी २०१८ मध्ये. झेन कोअर आणि व्हेगा ग्राफिक्स एकत्र आणणारे रायझन ३ २२००जी ९९ डॉलरला आणि रायझन ५ २४००जी १६९ डॉलरला आले. मुहूर्तही असा, की क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते. त्यामुळे ‘आधी एपीयू घेऊ, कार्ड नंतर बघू’ हा बजेट बिल्डचा रिवाज पडला. २०२१ मध्ये रायझन ५ ५६००जी दुकानात आला, तेव्हाही कार्डांची टंचाईच होती.

या ५६००जीवर पैसे वाचवायला अनेक जण ८ जीबीची एकच स्टिक लावतात, आणि तिथेच बिल्ड फसतो. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी बायोसमधली सेटिंग, चालू न केलेली एक स्टिक २४०० वर चालली, तर बँडविड्थ सेकंदाला १९.२ जीबी, तेच ३२०० च्या दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये लावल्या आणि एक्सएमपी चालू केले, तर ५१.२ जीबी. चिप तीच, पण पुरवठा अडीचपटीहून जास्त. तपासायचे तर `CPU-Z` च्या `Memory` टॅबमध्ये `Dual` किंवा नव्या आवृत्तीत `2 x 64-bit` आणि १६०० च्या आसपास मेगाहर्ट्झ दिसायला हवेत. डीडीआरचा आकडा तिथे निम्माच दिसतो. शिवाय बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी २ जीबी राखले, तर विंडोजला तेवढी रॅम कमी उरते, म्हणून एकूण १६ जीबी हवीच.

जानेवारी २०२४ च्या ८६००जी आणि ८७००जीला डीडीआर५-६००० च्या जोडीने सेकंदाला ९६ जीबी मिळतात. व्हॅलोरंट, सीएस२ सारखे गेम १०८०पी वर, सेटिंग खाली ठेवून, आरामात चालतात; जड नवे गेम मात्र ७२०पी आणि अपस्केलिंगवर, म्हणजे कमी रिझोल्यूशनचे चित्र ताणून मोठे करण्यावरच, भागवावे लागतात. पण ८७००जीची किंमत आली तेव्हा ३२९ डॉलर होती. त्यात महाग डीडीआर५ धरली, की तेवढ्याच पैशांत साधा प्रोसेसर आणि जुने कार्ड जास्त फ्रेम देऊन जाते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यावर तर हा हिशेब आणखीच बिघडला, कारण एपीयूला दोन वेगवान स्टिकवाचून गत्यंतर नाही.