४२ पट्ट्यांचं काम १२ पट्ट्यांत

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात कीबोर्डकडे वळणारी बरीच मुलं आधी पेटीवर बसलेली असतात. बेळगाव हे पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या पेटीवादकांचं गाव, त्यामुळे त्यात नवल नाही. भजनात साथ करून बोटं तयार झालेली असतात, सूर कानाला कळतात. अडचण येते ती कॉर्डपाशी. पेटीवर डावा हात भात्यात अडकलेला आणि उजवा हात गळ्यामागे एकेक सूर काढत जाणारा. कीबोर्डवर मात्र तीन सूर एकदम दाबायचे, आणि पुढच्या क्षणी दुसरे तीन.

पांढरी एकचा सा धरू. गाण्यात सतत लागणाऱ्या तीन कॉर्ड अशा: सी मेजर म्हणजे सा-ग-प, एफ मेजर म्हणजे म-ध-सा, जी मेजर म्हणजे प-नी-रे. क्रम घेऊ सी, एफ, जी आणि परत सी. नवशिका काय करतो, तर पंजा तसाच ताठ ठेवून शिक्का मारल्यासारखा नेतो. सा-ग-प वरून उचलला, म-ध-तार सा वर ठेवला. तिथून प-नी-तार रे, आणि मग एकदम खाली सा-ग-प.

काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या, तर पहिल्या बदलात तिन्ही बोटं पाच-पाच पट्ट्या सरकतात, दुसऱ्यात दोन-दोन, आणि घरी परतताना सात-सात. एकूण ४२. सूर एकही चुकलेला नसतो, तरी गाणारा म्हणतो, साथ धक्के देतेय.

आता एफ मेजर पुन्हा बघा. म, ध आणि सा एवढंच तिला हवं, कोणता सूर खाली नि कोणता वर याची तिला पर्वा नाही. तोच सा खाली घेतला की सा-म-ध होतं. सूर तेच, रचना फिरवलेली, यालाच इन्व्हर्जन म्हणतात. सा-ग-प वरून सा-म-ध ला जाताना सा जागचा हलत नाही. ग एक पट्टी वर म वर जातो, प दोन पट्ट्या वर ध वर. पंधराच्या जागी तीन पट्ट्या. बोटं दोन्हीकडे अंगठा, मधलं आणि करंगळी.

पुढची उडी जरा अवघड, कारण एफ आणि जी यांच्यात एकही सूर सामाईक नाही. सगळ्यांना हलावंच लागतं. सा उतरून नी, म उतरून रे, ध उतरून प, असं नी-रे-प घ्या. एक, तीन आणि दोन मिळून सहा पट्ट्या. इथे मधल्या सुराला मधल्याऐवजी तर्जनी लावली तर हात सैल राहतो. तिथून घरी यायला नीचा सा, रेचा ग, आणि प तसाच धरून ठेवलेला. तीन पट्ट्या. सगळं मिळून १२.

बोटांचे कष्ट वाचले हे खरं, पण मुख्य फायदा कानाचा आहे. एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांतून कोणता सूर कोणाच्या पुढचा, हे कान सतत जुळवत असतो. मॉन्ट्रियलचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन आणि त्यांचे सहकारी कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये काही उंच आणि काही खालचे सूर आलटून पालटून वेगाने ऐकवले. ऐकणाऱ्यांना एक सलग ओळ ऐकू आली नाही. वरच्यांची एक आणि खालच्यांची दुसरी, अशा दोन ओळी वेगळ्या झाल्या. जवळचा सूर त्याच आवाजाचा पुढचा, लांबचा सूर दुसऱ्या कोणाचा, असा कानाचा हिशोब. डेव्हिड ह्युरॉन यांनी २००१ मध्ये पाश्चात्त्य स्वरयोजनेचे बरेच जुने नियम असल्याच श्रवणाच्या तत्त्वांवरून मांडून दाखवले.

म्हणून आपल्या १२ पट्ट्यांच्या वाटेत तीन गळे गाताना ऐकू येतात. खालचा सा-सा-नी-सा, मधला ग-म-रे-ग, वरचा प-ध-प-प. याला व्हॉइस लीडिंग म्हणतात. आपलं बरोबर चाललंय का हे तपासायचं असेल तर प्रत्येक ओळ वेगळी गुणगुणून बघा. ताठ पंजाची वरची ओळ प, तार सा, तार रे आणि धाडकन खाली प अशी निघते, ती गायला घेतली की धक्का नेमका कुठे बसतो ते गळ्यालाच कळतं.

एक गंमत मात्र पट्ट्या मोजून कळत नाही. एफवरून जीला जाताना सा-म-ध तसंच वर सरकवून रे-प-नी घेतलं, तरी सहाच पट्ट्या होतात. तिथून जवळची सी मेजर म्हणजे ग-प-तार सा, तीन पट्ट्या. एकूण पुन्हा १२. पण आता हात निघाला तिथे परत आलेला नाही. हाच क्रम असाच वर सरकवत वाजवलात, तर तिसऱ्या फेरीअखेर हात बरोबर एक सप्तक वर पोचतो, आणि साथ गाणाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते.

शिवाय डाव्या हाताने खाली बास म्हणून म आणि मग प वाजवला, तर या दुसऱ्या वाटेत बाससकट सगळे वर जातात. बासचा म आणि उजव्या हातातला म सप्तकाच्या अंतरावर एकत्र चढतात. सप्तकाच्या अंतरावरच्या दोन सुरांचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे वरचे बारीक सूर, एकमेकांत मिसळलेले असतात, त्यात ते सोबत हलले की कान त्यांना एकच आवाज समजतो. चार गळ्यांतला एक हरवतो. नी-रे-प च्या वाटेत बास वर आणि उजवा हात खाली, म्हणून सगळे सुटे राहतात.

जी ऐवजी जी सेव्हन चालत असेल तर ही उडी आणखी सोपी होते. त्या कॉर्डमध्ये म असतो. रे सोडून नी-म-प घ्या, म जागेवर राहतो, फक्त सा आणि ध उतरतात. तीन पट्ट्या. मग नीचा सा, मचा ग, प तसाच, की घर. अख्खी फेरी आठ पट्ट्यांत. भजन-आरतीच्या साथीला मला तरी हीच वाट पसंत आहे.

डाव्या हाताचं गणित निराळं. कॉर्डचा तोल सगळ्यात खालच्या सुरावर ठरतो. डावा हात म धरत असेल, तर वर सा-म-ध आहे की म-ध-सा याने फार बिघडत नाही. पण नुसत्या उजव्या हाताने सा-म-ध वाजवलं तर सा बास होतो आणि कॉर्ड अधांतरी वाटते, पुढे कुठेतरी टेकायचं राहिलंय अशी.

मग डाव्या हाताने तीन सुरांची पूर्ण कॉर्ड धरावी, असं वाटेल. मध्य सप्तकात सा आणि ग यांच्या कंपनांत सेकंदाला साधारण ६८ चा फरक असतो. दोन सप्तकं खाली तोच फरक १७ च्या आसपास उरतो. इतके जवळ आलेले सूर कानाच्या आत जवळजवळ एकाच जागी पडून एकमेकांत घुसतात, आणि घरघर ऐकू येते. म्हणून तिथे मूळ सूर एकटा वाजवायचा, फार तर सप्तकाच्या जोडीने. बासची मोठी उडी कानाला खटकत नाही, तीन गळ्यांची खटकते.

गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात ऑटो-रिदम लावून वाजवणाऱ्यांची यातून अर्धी सुटका झालेली असते. त्या सोयीत डाव्या हाताने कॉर्ड कशीही फिरवून धरली, तरी नेहमीच्या मोडमध्ये कीबोर्ड बास मूळ सुरावरच वाजवतो. उजव्या हाताला मात्र ही मदत मिळत नाही, तिथला सा कुठे थांबवायचा हे बोटांनीच ठरवायचं.