पंचांचा कल आणि गुणांची विखुरण (डायव्हिंग व जिम्नॅस्टिक्स)

घड्याळ किंवा फीत नसलेल्या, म्हणजे पंचांच्या नजरेवर चालणाऱ्या खेळांत दिलेल्या गुणांची सांख्यिकी तपासणी, आणि त्या तपासणीतून घडलेले गुणांकनाचे नियम. पंचाने एखाद्या खेळाडूला झुकते माप दिले का, हे गुणपत्रक पाहून ओळखता येते. मात्र त्यासाठी पंचाच्या तीन सवयी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. काही पंच सगळ्यांनाच कमी गुण देतात, काही सगळ्यांनाच सढळ हाताने देतात. ही झाली कडकाई किंवा सैलाई. काहींचे गुण कधी वर तर कधी खाली, ठरावीक दिशा नसताना हलतात, ही विखुरण. आणि काही जण ठरावीक खेळाडूंपुरतेच सैल होतात, हा कल. पहिली सवय फारशी त्रासदायक नाही, कारण कडक पंच सगळ्यांनाच कडक असेल तर क्रमवारी जवळजवळ तशीच राहते. प्रेक्षक मात्र नेमका त्याच्यावरच ओरडतात.

डायव्हिंगचे गुणपत्रक या तपासणीसाठी सर्वांत सोयीचे आहे. वैयक्तिक प्रकारात सात पंच प्रत्येक सुराला 0 ते 10 मध्ये अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायरीने गुण देतात आणि प्रत्येकाचा आकडा जाहीर होतो. त्यातील ठरावीक गुणांची बेरीज सुराच्या काठिण्यांकाने गुणली जाते. पूर्वी सातांपैकी एक सर्वांत वरचा आणि एक सर्वांत खालचा गुण वगळून उरलेल्या पाचांची बेरीज घेत आणि ती 0.6 ने गुणून तीन पंचांच्या मापावर आणत. आता वरचे दोन आणि खालचे दोन वगळून मधले तीनच धरतात.

फरक किती लहान असू शकतो, याचा दाखला 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आहे. पुरुषांच्या 3 मीटर स्प्रिंगबोर्डमध्ये चीनच्या शिओंग नीला 708.72 गुणांवर सुवर्ण मिळाले आणि मेक्सिकोच्या फर्नांडो प्लातासला 708.42 गुणांवर रौप्य. अंतर 0.30. त्या वेळच्या नियमाने, काठिण्यांक 3.0 असलेल्या एकाच सुरावर हिशेबात धरलेला एका पंचाचा अर्धा गुण 0.5 × 0.6 × 3.0, म्हणजे 0.90 गुणांचा असे. पदकांमधल्या अंतराच्या तिप्पट. याचा अर्थ त्या निकालात कोणी लबाडी केली असा नव्हे. पंचाच्या एका पायरीपेक्षाही बारीक अंतरावर पदके ठरत होती, एवढाच त्याचा अर्थ. सिडनीतील डायव्हिंगचे सुट्या पंचांचे गुण घेऊन केलेला, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी दाखवला जातो. पंच आपल्या देशाच्या डायव्हरना झुकते माप देतात, असे त्यात आढळले.

तपासणीची मूळ कृती साधी आहे. एका सुराला सहा पंचांनी 7.5, 7.5, 8, 8, 8 आणि 8.5 दिले; सातव्याने, त्याला ‘क’ म्हणू, 8.5 दिले. इतर सहांची सरासरी 7.92, म्हणून क चे अंतर +0.58. क ने पाहिलेल्या प्रत्येक सुरासाठी हे अंतर काढायचे. हे अंतर ‘इतरांच्या’ सरासरीपासून मोजायचे हे महत्त्वाचे. क चा स्वतःचा गुण सरासरीत मिसळला तर त्याचा कल स्वतःच्याच आकड्यामागे थोडा लपतो. मग एका डायव्हरच्या सगळ्या सुरांची अंतरे एकत्र करून डायव्हरमागे एक आकडा करायचा. कारण एकाच डायव्हरचे सहा सूर म्हणजे सहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. पंचाला त्या डायव्हरची शैलीच आवडत असेल तर ती सहाही वेळा आवडणार.

समजा क ने 42 डायव्हर पाहिले आणि त्यातले दोन त्याच्या देशाचे आहेत. त्या दोघांची अंतरे +0.42 आणि +0.34, म्हणजे सरासरी +0.38, उरलेल्या चाळिसांची सरासरी −0.06. तफावत 0.44 ची. ती योगायोगाने येऊ शकते का, हे पाहण्यासाठी देशाच्या चिठ्ठ्या फिरवायच्या: 42 मधून कोणतेही दोन डायव्हर ‘स्वदेशी’ मानायचे आणि तफावत पुन्हा काढायची. अशा जोड्या 861 होतात. खरी जोडी धरून समजा 13 जोड्यांतच तफावत 0.44 किंवा अधिक आली, तर योगायोगाची शक्यता 13 भागिले 861, म्हणजे सुमारे दीड टक्का. संशयाला जागा आहे, पण निकाल देण्याइतकी नाही. स्पर्धेत 25 पंच असतील आणि पाच टक्क्यांची रेषा ठेवली, तर सगळे प्रामाणिक असूनही सरासरी एखादा पंच रेषेपलीकडे जातो. म्हणून एका स्पर्धेवरून पंचाला दोषी धरू नये; त्याच पंचाच्या पुढच्या स्पर्धांत तीच दिशा दिसते का ते पाहावे.

इथे एक फसगत हमखास होते. काही पंच पूर्ण मोजपट्टी वापरतात: इतर 5.5 देतात तिथे ते 5 देतात आणि इतर 8.5 देतात तिथे 9. अशा पंचाचे देशबांधव नेमके अव्वल असतील, तर वरच्या हिशेबात त्याचे स्वदेशी अंतर +0.5 येईल आणि परदेशींचे, चांगले-वाईट एकत्र झाल्याने, शून्याच्या आसपास. कागदावर तो पक्षपाती दिसेल. त्याची तुलना सगळ्या परदेशींशी न करता, इतर पंचांनी 8 ते 9 दिलेल्या परदेशी सुरांशीच केली, की त्यांनाही तो +0.5 देतो हे उघड होते आणि आरोप गळून पडतो. उलट गडबडही होते. अव्वल डायव्हरला सगळेच 9.5 देत असतील, तर पक्षपाती पंचाला वर चढायला अर्धाच गुण उरतो, आणि त्याचा कल प्रत्यक्षापेक्षा लहान मोजला जातो.

विखुरणीची गोष्टही अशीच आहे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाबरोबर न्यूशातेल विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या कामात दिसले, की कसरत जितकी उत्तम तितके पंचांचे एकमत अधिक. कसरत बिघडली की मते फाकतात. चुका मोजक्या असल्या तर त्या सगळ्यांना दिसतात. चुकांची रांग लागली की कोणती कापायची आणि किती, यावर प्रत्येकाचे वेगळे. म्हणून 9.2 च्या कसरतीवर 0.3 ने चुकणारा पंच आणि 7 च्या कसरतीवर 0.3 ने चुकणारा पंच सारखे नव्हेत. पहिल्याची चूक मोठी. पंचाचे मूल्यमापन करताना त्याच्या चुकीला त्या पातळीवरच्या नेहमीच्या विखुरणीने भागावे लागते. नाहीतर पात्रता फेरीत कच्च्या खेळाडूंना गुण देणारे पंच उगाच वाईट ठरतात.

टोकाचे गुण वगळले की पक्षपात संपतो, हा समज अर्धाच खरा आहे. सहा पंचांचे 7.5, 7.5, 8, 8, 8, 8.5 हेच गुण पुन्हा घेऊ. सातव्याने प्रामाणिकपणे 8 दिले, तर जुन्या नियमाने एक 7.5 आणि 8.5 वगळून बेरीज 39.5. त्याने फुगवून 9 दिले, तर त्याचा 9 वगळला जातो हे खरे, पण आधी वगळला जाणारा 8.5 आत येतो आणि बेरीज 40 होते. काठिण्यांक 3.0 असेल तर डायव्हरला 0.90 गुणांचा फायदा. फुगवलेला आकडा स्वतः बाहेर पडतो आणि शेजाऱ्याला आत ढकलतो. आताच्या नियमात दोन्ही वेळा मधले तीन 8, 8, 8 च राहतात, फायदा शून्य.

पण पंचमंडळ आधीच दुभंगलेले असेल तर नवा नियमही पुरत नाही. सहा जणांचे 7, 7.5, 7.5, 8, 8, 8.5 असताना सातव्याने 7.5 ऐवजी 8.5 दिले, तर मधल्या तिघांची बेरीज 23 वरून 23.5 होते आणि 3.0 काठिण्यांकावर 1.50 गुण वाढतात. जुन्या नियमात हीच वाढ 1.80 झाली असती. म्हणजे विखुरण वाढली की एकट्या पंचाचे वजन वाढते. मग नुसता मध्यक, म्हणजे सातातला चौथा गुण, का घेत नाहीत? टोकाच्या गुणांचा त्याच्यावर आणखी कमी परिणाम होतो. पण अर्ध्या गुणाच्या पायरीमुळे बरोबरी फार होते आणि सुरांमधला बारीक फरक पुसला जातो. मधले तीन ही तडजोड आहे, आणि माझ्या मते योग्य तडजोड.

आतापर्यंतची सगळी मापे पंचाला इतर पंचांशी ताडून पाहतात. म्हणून सगळे मंडळच एका बाजूला झुकले, तर ही मापे गप्प बसतात. नावाजलेला खेळाडू दिसला की सातही जण अर्धा गुण जास्त देत असतील, तर सगळी अंतरे शून्य. जिम्नॅस्टिक्समध्ये यावर उपाय म्हणून स्पर्धेनंतर तज्ज्ञ चित्रफीत सावकाश पाहून नियंत्रण गुण ठरवतात आणि पंचाला त्याच्याशी ताडतात. हे काम महाग आणि वेळखाऊ आहे, पण सामूहिक कलावर दुसरे माप नाही.

एकत्रित चुकीचे सर्वांत गाजलेले उदाहरण 2004 च्या अथेन्समधले. दक्षिण कोरियाच्या यांग ताए-यंगच्या पॅरलल बार्सवरील कसरतीचे आरंभमूल्य, म्हणजे काठिण्यावरून ठरणारे कमाल गुण, 10.0 ऐवजी 9.9 धरले गेले. सर्वांगीण स्पर्धेत तो अमेरिकेच्या पॉल हॅमच्या 0.049 मागे, तिसरा आला; हरवलेला 0.1 मिळता तर तो पुढे असता. महासंघाने तीन पंचांना निलंबित केले, पण क्रीडा लवादाने निकाल बदलला नाही. इथे कोणाचा कल सिद्ध झाला नव्हता, आणि गुण वगळण्याच्या कोणत्याही नियमाने ही चूक सुधारली नसती, कारण ती अंमलाच्या, म्हणजे कसरत किती सुबक झाली याच्या, गुणांत नव्हती.

2006 पासून जिम्नॅस्टिक्सने 10 ची एकत्र पट्टी मोडून काठिण्य (डी) आणि अंमल (ई) असे दोन गुण केले. डी गुण वेगळे पंच मोजतात, ई पंच 10 पासून कपात करतात: लहान चुकीला 0.1, मध्यमला 0.3, मोठीला 0.5, पडल्यास 1.0. प्रशिक्षक आक्षेप घेऊ शकतो तो फक्त डी गुणावर. ही विभागणी रास्त आहे: काय केले हे चित्रफितीवरून ठरते, किती सुबक केले हे अनेक नजरांच्या मधल्या मतावर सोडलेले बरे. तरी गळती राहतेच. जास्त अवघड कसरत पाहिली की ई पंचांची कपातही थोडी सैल होते, असे अभ्यासांत दिसले आहे, म्हणजे काठिण्याचे बक्षीस दोनदा मिळते.

स्वदेशी खेळाडूच्या अंतिम फेरीत पंचाला बसवायचे नाही, हा नियम उघड कल कापतो, पण दोन देशांच्या पंचांमधली देवाणघेवाण कापत नाही. ती शोधायला ‘स्वदेशी’ च्या जागी पंच आणि खेळाडू यांच्या देशांची प्रत्येक जोडी तपासावी लागते आणि मोजण्याजोगे सूर फार थोडे उरतात. फिगर स्केटिंगने 2002 च्या ऑलिंपिकमधील पंचांच्या वादानंतर वेगळी वाट धरली: कोणी किती गुण दिले हेच लपवले, म्हणजे दबाव आणणाऱ्याला आपला माणूस शब्दाला जागला का हे कळू नये. पण त्याच पडद्याने तपासणाऱ्यांचीही नजर झाकली, आणि 2016 मध्ये ती पद्धत मागे घेतली गेली.